एवढी एक ही ओवून जा
(आजीच्या आठवणीत, घरच्यांकडून)

आज आलेल्या सगळ्यांना नमस्कार.

आजी 84 वर्षांची होती. अशा सभांमधून वाटलेल्या पुस्तिका ती नीट जपून ठेवायची, पुन्हा पुन्हा वाचायची आणि शेवटी म्हणायची, “मेल्यावर सगळेच मनमिळाऊ होतात बाई.” तेव्हा या पुस्तिकेत ‘प्रेमळ व मनमिळाऊ’ हे शब्द शोधू नका. आम्ही मुद्दाम टाळले आहेत.

आमच्यात कवी कुणी नाही. पहिल्या कडव्यांसाठी अभंगाचा 6-6-6-4 अक्षरांचा साचा घेतला, कारण काम करताना आजीच्या तोंडी तीच चाल असायची. काकूने ओव्या केल्या. ‘ओवी’ हा शब्द ‘ओवणे’वरून आला, असं आजी सांगायची. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर आम्ही वाद घातला असता, पण तिच्या सुया आम्हीच ओवल्या होत्या.

सभेत पहिलं आणि शेवटचं वाचणार आहोत. मधलं घरी वाचा.

सर्व नातवंडं


१. दोरा

आजी म्हणे, “बाळा,
सुई घे हातात,
दोरा ओव त्यात
माझ्यासाठी.”

दहा सुया ओवू,
वेगळ्या रंगांच्या,
उशीत त्या तिच्या
खोचू साऱ्या.

पांढरा नि काळा,
निळा नि तांबडा,
जरासा वाकडा
कापलेला.

“लांब दोरा घेते
तीच आळशीण.”
कोपराला खूण
मापासाठी.

आम्हां घाई भारी,
खेळ वाट पाही,
“एवढी एक ही
ओवून जा.”

नंतर कळले,
वाचायची सारे
बारीक अक्षरे
चष्म्याविना.


२. फोन
(थोरल्या नातवाकडून)

रोज रात्री साडेआठला फोन.
झोप झाली का, खोकला गेला का,
मग हवेबद्दल दोन वाक्यं,
मग “ठेवते हं.”

पण ठेवायचा कसा, ते बटण तिला सापडायचं नाही.
फोन चालूच राहायचा,
उशीशेजारी पालथा.

मी कान लावून बसायचो.
कपाटाची कडी.
फरशीवर घासत गेलेली चप्पल.
नळ आधी एकदा, मग आणखी एकदा घट्ट पिळल्याचा आवाज.
आणि मग, स्वतःशीच
की भिंतीवरच्या आजोबांशी कुणास ठाऊक:
“बरा आहे म्हणतो. आवाज बसलाय.
सांगायचा नाही काही. तुमच्यावरच गेलाय.”

खोकला तर मी तोंडावर हात धरून
तिच्यापासून लपवला होता.

एकदा ताईने तिला बटण शिकवलं,
वर लाल टिकली चिकटवून दिली.
आजीने तीनदा करून दाखवलं, अचूक.
ताई आपल्या घरी गेली
त्याच रात्री साडेआठला
आजी पुन्हा विसरली.


३. ओव्या
(मोठ्या काकूकडून. “यातलं काही आईंना आवडलं नसतं, पण खरं आहे,” असं तिने कागदाच्या कोपऱ्यात लिहून दिलं. तेही छापतो आहोत.)

पहिली माझी ओवी गं, आईंच्या रागाला,
कडी ना कोयंडा, दारच नव्हतं त्याला,
आला तसा गेला
उंबऱ्यावरून.

दुसरी माझी ओवी गं, आईंच्या शिस्तीला,
घडी चुकली की उकलून देत मला,
वीस वर्षांनी म्हणाल्या, “जमली तुला,”
एकदाच.

तिसरी माझी ओवी गं, भांडणाच्या रातीला,
पाऊल वाजलं दारातल्या फरशीला,
पांघरूण ओढलं माझ्या पायाला,
बोलल्या नाहीत.

चौथी माझी ओवी गं, अजून जुळत नाही,
आत हाक मारते, कुणी ओ देत नाही,
चुकलेली घडी कुणी उकलत नाही,
घर सारं नीट.


४. पणजीला
(पणतीने सांगितलं, तिच्या आईने लिहून घेतलं. वय 6.)

पणजी, तुझा चष्मा मी घातला
तर सगळं घर पाण्यात गेलं.
मी तुला अशीच दिसायचे का,
माशासारखी?

तुझी काठी माझ्याकडे आहे.
ती आता घोडा आहे.
तू आलीस की
परत काठी करून देईन.


५. सुयांची उशी
(सर्व नातवंडांकडून)

दवाखान्यातले अकरा दिवस
इथे लिहीत नाही.
तिने ते कुणाला सांगितले नसते,
आणि सांगितलेच असते तर
डॉक्टरांचं अक्षर किती वाईट आहे
एवढंच सांगितलं असतं.

घरी आल्यावर कपाट उघडलं.
वरच्या खणात बिलं, वर्षांप्रमाणे लावलेली,
कधीच्याच बंद पडलेल्या घड्याळाचं हमीपत्र,
आमचे दुधाचे दात, एका डबीत,
कुणाचा कुठला ते न लिहिता
(म्हणजे भांडणं नकोत),
आणि तळाशी ती उशी.

उशीत चार सुया.
ओवलेल्या.

पांढरी. काळी. निळी.
चौथी तांबडी,
दोऱ्याचं टोक तिरकं, दाताने तोडल्यासारखं.

आम्ही पाच जणं खणाभोवती
आणि प्रत्येकाला वाटत होतं
ती तांबडी आपली.
मी घाईत होते, बाहेर रिक्षा उभी होती, धाकटी म्हणाली.
मीच, कात्री सापडत नव्हती म्हणून, दादा म्हणाला.
मधली काही बोलली नाही,
तिने फक्त दोरा कोपराला लावून पाहिला.
माप बरोबर होतं.

मग मोजलं:
दहांतल्या सहा तिने वापरल्या.
म्हणजे सहा वेळा
या घरात काहीतरी उसवलं, तुटलं, सुटलं
आणि आपल्याला कळायच्या आत
ते शिवून झालं होतं.
बाबांच्या जुन्या शर्टाची कॉलर
उलटी करून पुन्हा बसवलेली
आजच दिसली.
टाके इतके बारीक
की मोजायला तिचेच डोळे हवेत.

आज सकाळी, या सभेला निघताना,
दादाच्या सदऱ्याचं बटण हातात आलं.
आईने सुईदोऱ्याचा नवा डबा पुढे केला.
दादाने नको म्हटलं.

पांढरी सुई काढली.
चार छिद्रांचं बटण, आडवे टाके, मग उभे,
खाली दोन वेढे, म्हणजे मान राहते
आणि काजात बटण गुदमरत नाही.
(हे तिचं वाक्य. “गुदमरत” सुद्धा.)
कात्री समोर असून
त्याने दोरा दाताने तोडला.
आत्ता तो तुमच्यापुढे उभा राहून वाचतो आहे,
वरून दुसरं बटण बघा.

उरल्या तीन.
काळी आणि निळी
कुणाला लागली तर हक्काने मागा,
उशी बाहेरच्या टेबलावर ठेवली आहे.

तांबडी मात्र
कुणी मागू नका.