पुनर्विकास करारनाम्याचा सारांश : सर्व ३२ सभासदांसाठी

सप्रेम नमस्कार,

विकास करारनाम्याचा अंतिम मसुदा ८४ पानांचा आणि इंग्रजीत आहे. येत्या रविवारच्या विशेष सर्वसाधारण सभेत तो मंजुरीसाठी येणार आहे. आपल्यापैकी अनेकांना तो वाचणं जड जाणार, म्हणून त्यातलं महत्त्वाचं मराठीत लिहून प्रत्येक घरी देत आहे. सही मूळ करारनाम्यावर होईल आणि बंधनकारकही तोच राहील. हा कागद वाचून शंका आली तर मूळ कलम माझ्याकडे येऊन पाहावं.

घर किती मोठं मिळणार, हे बहुतेकांना माहीत आहे. आजच्या कार्पेट क्षेत्रावर ३५ टक्के वाढ मिळेल. म्हणजे ४२० चौरस फुटांच्या २० घरांना ५६७, आणि ६०० चौरस फुटांच्या १२ घरांना ८१० चौरस फूट. मोजमाप रेरा कायद्यातल्या कार्पेटच्या व्याख्येप्रमाणे आहे. बाल्कनी त्यात धरलेली नाही, ती वेगळी. प्रत्येक सभासदाला एक पार्किंग. कोणाचं घर कुठल्या मजल्यावर, हे नकाशासह परिशिष्टात छापलं आहे. आपलं नाव आणि घर क्रमांक तिथे बरोबर आहे का, ते सभेपूर्वी प्रत्येकाने स्वतः तपासावं.

विकासकाची जबाबदारी

नकाशे मंजूर करून घेणं, महापालिकेचे सगळे शुल्क आणि प्रीमियम भरणं, टीडीआर म्हणजे जादा बांधकामाचा हक्क विकत घेणं, मुख्य करारनाम्याचं मुद्रांक शुल्क व नोंदणी, बांधकामावरचा जीएसटी आणि आपल्या सल्लागार वास्तुविशारदाची फी, हा सगळा खर्च विकासकाचा. प्रत्येक सभासदाशी पर्यायी जागेचा स्वतंत्र करारही नोंदवला जाईल. अशा करारावर जुन्या घराच्या बदल्यात मिळणाऱ्या जागेसाठी पूर्ण मुद्रांक शुल्क लागत नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये दिला आहे. मात्र कोणी जास्तीची जागा विकत घेतली, तर तेवढ्या जागेचं शुल्क त्यालाच भरावं लागेल.

बँक हमीवर समितीने सर्वांत जास्त वेळ घातला. सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९-अ खालच्या ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयात प्रकल्प खर्चाच्या २० टक्के हमी सांगितली आहे. आपला प्रकल्प खर्च ३४ कोटी धरला आहे, म्हणून हमी ६ कोटी ८० लाखांची. पहिल्या मसुद्यात विकासकाने तिच्याऐवजी विक्रीच्या दोन सदनिका राखून ठेवू असं म्हटलं होतं. आम्ही ते मान्य केलं नाही. काम बंद पडलं तर अर्धवट इमारतीतल्या सदनिकांना गिऱ्हाईक मिळत नाही आणि आपलं भाडं मात्र चालूच राहतं. हमीची रक्कम आपल्या सर्वांच्या पहिल्या वर्षीच्या दराने साधारण साडेचार वर्षांच्या भाड्याएवढी आहे. हमी राष्ट्रीयीकृत बँकेची आणि भोगवटा दाखला म्हणजे ओसी मिळेपर्यंत चालू राहणारी हवी. ती सोसायटीच्या हातात आल्याशिवाय एकही किल्ली द्यायची नाही.

विकासक कर्ज काढू शकतो, पण तारण फक्त त्याच्या विक्रीच्या सदनिका. जमीन आणि आपली ३२ घरं गहाण ठेवता येणार नाहीत. प्रकल्प दुसऱ्या बिल्डरला परस्पर देता येणार नाही. आपल्याला ताबा देण्याआधी नव्या खरेदीदारांना ताबा देता येणार नाही. सलग ९० दिवस काम बंद राहिलं किंवा दोन महिन्यांचं भाडं थकलं, तर ६० दिवसांची नोटीस देऊन सोसायटी करार रद्द करू शकते. बांधकामातल्या दोषांची दुरुस्ती ताब्यापासून पाच वर्षं विकासकाने विनामूल्य करायची आहे.

कॉर्पस

विकासक प्रत्येक सभासदाला जुन्या कार्पेटवर चौरस फुटाला २,००० रुपये देईल. लहान घराला ८ लाख ४० हजार, मोठ्या घराला १२ लाख. मुख्य करार नोंदवताना २० टक्के, घर रिकामं करताना ३० टक्के आणि उरलेले ५० टक्के नव्या घराचा ताबा देताना. रक्कम थेट सभासदाच्या खात्यात येईल.

हा पैसा लगेच खर्चू नये, असं मला मनापासून वाटतं. आज आपल्याकडे लिफ्ट नाही. नव्या इमारतीत दोन लिफ्ट, अग्निशमन यंत्रणा, जास्त पंप आणि सुरक्षारक्षक असतील. मासिक देखभाल वाढणार, मालमत्ता करही वाढणार. पेन्शनवर राहणाऱ्यांना तो भार कॉर्पसच्या व्याजातूनच पेलावा लागेल. कराबाबत प्रत्येकाने आपापल्या सीएचा सल्ला घ्यावा.

तात्पुरतं भाडं

दर महिन्याला चौरस फुटामागे ८० रुपये. लहान घराला ३३,६००, मोठ्याला ४८,०००. दर बारा महिन्यांनी १० टक्के वाढ, म्हणजे दुसऱ्या वर्षी ३६,९६० आणि ५२,८००. किल्ली देताना पहिल्या बारा महिन्यांचे पुढच्या तारखांचे चेक हातात मिळतील, पुढचे बारा चेक आधीचे संपण्याच्या महिनाभर अगोदर. वर्षाला एका महिन्याचं भाडं दलालीसाठी, आणि सामान हलवायला जाताना व येताना प्रत्येकी २०,००० रुपये.

घरमालकाला द्यायचं डिपॉझिट मात्र सभासदाने स्वतः भरायचं आहे. यावर विकासक शेवटपर्यंत हलला नाही. मुलुंड पूर्वेतच घर शोधायचं असेल तर या रकमेची तयारी आतापासून ठेवा.

ताबा कधी

विलंबाचं भांडण नेहमी एकाच प्रश्नावर होतं: महिने मोजायचे कधीपासून? पहिल्या मसुद्यात "पूर्ण सीसी मिळाल्यापासून ३० महिने" असं होतं. सीसी म्हणजे बांधकाम सुरू करण्याची महापालिकेची परवानगी. पूर्ण सीसी कधी घ्यायची हे विकासकाच्या हातात, म्हणजे घड्याळाची किल्लीही त्याच्याच हातात. आता कलम बदललं आहे. शेवटच्या सभासदाने किल्ली दिल्याच्या तारखेपासून ३० महिने आणि वर जास्तीत जास्त सहा महिन्यांची सवलत. शासन निर्णयातही अपवादात्मक स्थितीत तीन वर्षांचीच मर्यादा आहे. सवलतीच्या काळात भाडं चालूच राहील. ३६ महिन्यांनंतर ते दीडपट होईल.

अपरिहार्य कारणांच्या यादीतून "बाजारातील मंदी" हे शब्द आम्ही काढायला लावले. आता नैसर्गिक आपत्ती, युद्ध आणि विकासकाची चूक नसताना आलेली न्यायालयाची किंवा सरकारची स्थगिती एवढंच उरलं आहे, आणि त्या काळातही भाडं थांबणार नाही.

नकाशांना महापालिकेची सशर्त मंजुरी म्हणजे आयओडी मिळाल्यानंतरच घर रिकामं करण्याची नोटीस येईल. त्यानंतर ६० दिवस. घड्याळ शेवटच्या किल्लीवर सुरू होत असल्याने एकाने उशीर केला तर उरलेल्या ३१ जणांचा ताबा लांबेल. ज्यांनी घर भाड्याने दिलंय त्यांनी भाडेकरूला आजच कळवावं, आणि ज्यांच्या घरावर कर्ज आहे त्यांनी बँकेच्या ना-हरकत पत्रासाठी अर्ज करावा. ताबा पूर्ण ओसीसहच घ्यायचा. ताब्याचं पत्र आल्यावर ३० दिवसांनी भाडं बंद होईल.

एक कळकळीची विनंती. आपल्याकडे पंच्याहत्तरी ओलांडलेले अकरा सभासद आहेत. तीन वर्षं हा मोठा काळ आहे. नामनिर्देशन अर्ज भरला नसेल किंवा जुना झाला असेल, तर तो सोसायटीच्या कार्यालयातून घ्या. लिहायला मदत हवी असल्यास मी घरी येईन.

सभा रविवारी सकाळी १० वाजता गच्चीवर आहे. वकील आणि सल्लागार वास्तुविशारद दोघेही हजर असतील. शंका शुक्रवारपर्यंत लेखी दिल्या, तर त्यांना उत्तरं तयार ठेवता येतील. मूळ मसुदा रोज संध्याकाळी ७ ते ९ कार्यालयात पाहायला मिळेल.

आपला,
सचिव
(व्यवस्थापन समितीच्या वतीने)