तळ्याची शाळा: कथामालिकेचा जग-आराखडा

मालिका लिहिणाऱ्या आपल्या चौघांसाठी हे टिपण. यातलं जग पक्कं झालं आहे असं समजा. पात्रांचे स्वभाव आणि प्रसंगांचा क्रम ज्याच्या त्याच्या भागात ठरेल.

स्थळ आणि काळ

१९५१ चा चैत्र. आज गोंदिया जिल्ह्यात मोडणारा भाग तेव्हा भंडारा जिल्ह्यात होता, आणि जिल्हा मध्य प्रदेशात, ज्याची राजधानी नागपूर. आदल्या वर्षीच्या कायद्यानं मालगुजारी, म्हणजे सारा वसूल करणाऱ्यांची गावांवरची मालकी, संपली आणि मालगुजारांचे तलाव सरकारकडे गेले. ही तारीख मी मुद्दाम निवडली. आपली जादूची शाळा ज्या मालगुजाराच्या आश्रयावर चालत आली, त्याचा हक्क गेला आहे. तलाव सरकारी झाला, पण शाळा कोणाची हे कागदावर कुठंच लिहिलेलं नाही. तलाठी दप्तर मागायला येणार आहे, आणि शाळेची जुनी रजिस्टरं पहिल्यांदाच बाहेरच्या माणसाच्या हाती पडणार आहेत.

तलाव काल्पनिक आहे, पण बांधणी नवेगाव बांधच्या परिसरातलीच: दोन टेकड्यांमधली मातीची पाळ, पाळीत तुडुम, म्हणजे पाणी सोडायचं दार, तुडुमातून निघणारा पाट, आणि पुढं धानाच्या बांधीतून बांधीत उतरत जाणारं पाणी. शाळेला वेगळी इमारत नाही. पाळीवरच्या मोहाखाली वर्ग भरतात, पावसाळ्यात मालगुजाराच्या रिकाम्या कोठारात.

जादूचा नियम

सगळी जादू तलावाच्या पाण्यातून येते आणि तिची किंमत पाण्यातच चुकते. मंत्र चालला की पातळी उतरते. लहान मंत्राला बोटभर, मोठ्याला हातभर. हा नियम कुठल्याही भागात मोडायचा नाही, कारण शाळेतलं सगळं राजकारण यावरच उभं आहे. हस्ताचा पाऊस हुकला आणि धान लोंबीवर आलं असताना तलाव अर्धा असेल, तर ते पाणी बांधीला द्यायचं की वर्गाला? वाचकाला हा प्रश्न शेतकऱ्याचा वाटला पाहिजे, मांत्रिकाचा नव्हे.

दुसरा नियम शिक्षकांना अर्धाच ठाऊक आहे: पाण्याला ओळख असते. आपण ज्याला वाढवलं त्याला ते ओळखतं.

प्रवेशाच्या तीन परीक्षा

पहिली ओंजळीची. मुलानं तुडुमापाशी ओंजळ भरायची आणि पाळीच्या दुसऱ्या टोकापर्यंत चालत जायचं. ज्याच्या हातातलं पाणी गळत नाही तो पुढं. गळलं तर तिथूनच घरी. ही परीक्षा सावकाश लिहा. चैत्रातलं ऊन, तापलेली माती, काठावर ओळीनं बसलेल्या आया, कोणीतरी दाबून ठेवलेला खोकला. पोरांना इथं बोलायची मनाई आहे, त्यामुळं पाणी गळायला लागलं की पोरगं आधी बापाकडं बघतं.

दुसरी रानातली. पहाटे मोह पडत असताना सगळ्या झाडांमधून आपल्याला हाक देणारं झाड ओळखायचं. तिसरी आवाजाची. काठावरून हाळी घालायची आणि परत येणाऱ्या आवाजात आपला नसलेला स्वर कोणता ते सांगायचं. या दोन्ही परीक्षा खरोखर न्यायाच्या आहेत. कान, धीर आणि एकाग्रता त्यात दिसते. दुर्दैव असं की तिथवर पोचतात ते ओंजळीतून सुटलेलेच.

लपलेली खोट

ओंजळीची परीक्षा गुण मोजत नाही. ती एवढंच सांगते की पोर या तलावाच्या पाण्यावर वाढलं आहे.

माथ्याच्या गावांच्या बांध्या पाटाला लागून. त्यांना पाणी आधी आणि पोटभर. शेवटाच्या गावांपर्यंत ते पोचेतो आटतं, त्यामुळं तिथली पोरं फक्त पावसावर पिकलेला भात खाऊन मोठी होतात. तलाव त्यांना ओळखत नाही. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या माथ्याची पोरं घेतली जातात, शिकून तीच गुरुजी होतात, तीच पाण्याची पाळी ठरवतात. आणि ‘गुणी गावांना आधी पाणी’ हा ठराव त्यांनीच केलेला आहे. त्यामुळं दर वर्षी खोट थोडी अधिक खोल जाते. इथं कोणी लबाडी केलेली नाही, हे सांभाळा. एकही दुष्ट सूत्रधार आला तर आपली कथा स्वस्त होईल.

मग इतकी वर्षं कोणाच्या लक्षात का आलं नाही? कारण शेवटाच्या गावातलं एखादं पोर अधूनमधून पास होतं आणि गुरुजी त्याच्याकडं बोट दाखवतात. रजिस्टरात मात्र फक्त बापाचं गाव लिहिलेलं असतं. ही सगळी पोरं आजोळी वाढलेली आहेत, माथ्याच्या गावात, मामाच्या घरचा भात खाऊन. आईचं माहेर कोणतं, हा रकानाच नाही. रहस्याची किल्ली ही, आणि ती तलाठ्याला सापडू नये. ती गावच्या बायांना सापडली पाहिजे. कोण कोणाची लेक आणि कुठून आली, हे त्यांना पाठ असतं.

दुसरा धागा ढिवरांच्या पोरांचा. त्यांच्या घरी शेत नाही, तरी ओंजळ गळत नाही. गुरुजी म्हणतात, जाळ्यानं हात तयार झालेले. खरं कारण त्यांच्या ताटातली तलावाची मासोळी. हा धागा तिसऱ्या भागात नुसता दिसू द्या, उलगडू नका.

गुरुजींमधले ताण

पाळीचे गुरुजी वयानं थोरले. तुडुमाची किल्ली त्यांच्याकडं आणि ओंजळीच्या दिवशी तुडुमाशेजारची जागाही त्यांची. त्यांना वाटतं, सरकार आलं की शाळा बुडेल, म्हणून काहीही बदलू नये. ते प्रामाणिक आहेत आणि घाबरलेले आहेत. रानाच्या बाई बाहेरगावच्या. त्यांनी कधी ओंजळ धरलीच नाही, कारण त्यांना मालगुजारानं थेट आणलं. त्यांच्या नेमणुकीवरून अजून कुजबुज चालते, आणि खोट उघडी पाडली तर पहिला प्रश्न आपल्यालाच विचारला जाईल हे त्या जाणून आहेत. आवाजाचे गुरुजी दंडारीतून, म्हणजे गावच्या लोकनाट्यातून, आलेले, सगळ्यांशी गोड, मत कोणाला देतील सांगता येत नाही. ओंजळीची परीक्षा शेवटी घ्यावी, असा ठराव बाई मांडतात तेव्हा आवाजाचे गुरुजी गप्प राहतात. मालिकेतला सगळ्यात जड प्रसंग मला तो वाटतो. त्यांची स्वतःची बहीण शेवटाच्या गावात दिलेली आहे.

सखू

खालच्या टोलीची, बारा वर्षांची. तिची ओंजळ गळते. ती रडत नाही, विचारते: “माया बापाच्या धुऱ्यावर तं पानीच नाई येत, गुरुजी. मंग ते मले कसं वरखन?” गुरुजी याला उद्धटपणा समजतात. बाईंच्या मात्र ते कानात बसतं.

सखूला गुप्त वारसा, राजरक्त, भाकीत यातलं काहीही द्यायचं नाही. तिचा कान विलक्षण आहे, एवढंच. नापास झाल्यावर त्याच रात्री ती काठावरून हाळी घालते आणि परत आलेल्या आवाजात तिला तीन स्वर ऐकू येतात. पास झालेल्या पोरांना एकच येतो.

लिहिताना

पहिला भाग ओंजळीवर संपवा, खोटीचा इशाराही नको. झाडीबोली फक्त संवादात, निवेदनात प्रमाण मराठी. आजोळाचा उलगडा पाचव्या भागात, रोवणीला वाकलेल्या बायांच्या बोलण्यातून. चैत्र ते आषाढ एवढा काळ मधे जातो, तेव्हा चौथा भाग लिहिणाऱ्यानं तलाव किती उतरला ते आधी मला कळवावं. त्यावर शेवटच्या भागात किती मंत्र शिल्लक आहेत ते ठरेल.