विषय : अनुभव प्रमाणपत्र व कार्यमुक्ती पत्र (रिलीव्हिंग लेटर) मिळणेबाबत – कर्मचारी क्र. २४१७

दिनांक : १२ जानेवारी २०२६

प्रति,
मा. मनुष्यबळ व्यवस्थापक,
चाकण कारखाना

सप्रेम नमस्कार,

मी आपल्या कारखान्यात ९ जुलै २०१८ ते ३० सप्टेंबर २०२५ या काळात गुणवत्ता विभागात काम केले. माझे अनुभव प्रमाणपत्र आणि कार्यमुक्ती पत्र अद्याप मिळालेले नाही. १० नोव्हेंबर आणि ८ डिसेंबरला मेल केले होते, ते सोबत जोडले आहेत. नव्या कंपनीने मला हमीपत्रावर रुजू करून घेतले आहे आणि दोन्ही कागद देण्याची मुदत ३१ जानेवारी आहे. त्यामुळे या वेळी लागणारी सगळी माहिती एकत्र देत आहे, म्हणजे आपल्याला जुनी फाइल शोधत बसावे लागणार नाही.

नाव : रुजू होताना वैशाली मारुती कदम. लग्नानंतर, २०२२ पासून, आधार, पॅन व पीएफ खात्यात वैशाली संजय भोर. नियुक्तीपत्र जुन्या नावाने आणि पगारपत्रक नव्या नावाने असल्याने पडताळणीत प्रश्न येतो. म्हणून दोन्ही पत्रांत "वैशाली संजय भोर (पूर्वीचे नाव वैशाली मारुती कदम)" असे यावे. विवाह नोंदणी दाखल्याची प्रत जोडली आहे.

पदे : ९ जुलै २०१८ पासून ट्रेनी इन्स्पेक्टर, १ एप्रिल २०२० पासून क्वालिटी इन्स्पेक्टर, १ एप्रिल २०२३ पासून सीनियर क्वालिटी इन्स्पेक्टर. पगारपत्रकावर मात्र शेवटपर्यंत "क्वालिटी इन्स्पेक्टर" हेच पद छापून येत होते. प्रमाणपत्र पगाराच्या नोंदीवरून तयार झाले तर बढती गळून पडेल, म्हणून बढतीपत्र जोडत आहे. जुलै २०१८ पूर्वीचे सहा महिने मी ठेकेदारामार्फत होते, ते यात धरू नयेत.

कामाचे स्वरूप एका ओळीत पुरे : मशीनिंग केलेल्या भागांची इनकमिंग, इन-प्रोसेस व फायनल तपासणी, गेज कॅलिब्रेशनच्या नोंदी आणि ग्राहकाच्या तक्रारींवरील ८डी अहवाल.

आता तारखेचा मुद्दा, जो सगळ्यात महत्त्वाचा आहे. राजीनामा १८ ऑगस्ट २०२५ रोजी दिला. साठ दिवसांची नोटीस १६ ऑक्टोबरला संपत होती. विभागप्रमुखांच्या मंजुरीने शेवटचे १६ दिवस शिल्लक रजेतून वळते झाले आणि ३० सप्टेंबरला मला कार्यमुक्त करण्यात आले. मंजुरीचा मेल तसेच १४ नोव्हेंबरचा अंतिम हिशेब दोन्हींत हे स्पष्ट आहे. हिशेबात १६ दिवसांची रजा वजा आहे आणि नोटीसवसुली शून्य आहे. पण पीएफच्या नोंदीत नोकरी सोडल्याची तारीख १६ ऑक्टोबर पडली आहे, जरी शेवटची वर्गणी सप्टेंबरचीच आहे. मी नव्या ठिकाणी ६ ऑक्टोबरला रुजू झाले. म्हणजे कागदावर अकरा दिवस मी दोन्हीकडे नोकरीला होते असे दिसते, आणि पडताळणीत नेमके हेच पकडले जाते. तेव्हा पत्रांत ३० सप्टेंबर २०२५ हीच तारीख यावी. पीएफमधील तारखेसाठी मी माझ्या बाजूने जॉइंट डिक्लरेशन पाठवते. ते आपल्या लॉगिनला आले की मंजूर करावे, ही विनंती. पत्रात एक तारीख आणि पीएफमध्ये दुसरी राहिली, तर पत्र मिळूनही काम अडेल.

ना-देय प्रमाणपत्रावर स्टोअर, टूल रूम, कॅन्टीन, आयटी आणि अकाउंट्स यांच्या सह्या ३० सप्टेंबरलाच झाल्या आहेत. डिजिटल व्हर्नियर व मायक्रोमीटर टूल रूममध्ये जमा केले, ओळखपत्र सुरक्षा विभागाकडे दिले. ग्रॅच्युइटी मिळाली आहे, त्याबद्दल आभार. माझ्याकडून काहीही येणे नाही.

दोन्ही पत्रे वेगवेगळी आणि इंग्रजीत हवीत, कारण पडताळणी करणारी संस्था राज्याबाहेरची आहे. राजीनामा स्वीकारल्याचा मेल कार्यमुक्ती पत्र म्हणून चालत नाही, असे त्यांनी कळवले आहे. लेटरहेड, जावक क्रमांक, सही करणाऱ्याचे नाव व पद, आणि शिक्का असावा. कार्यमुक्ती पत्रात "राजीनामा स्वीकारला, ३० सप्टेंबर २०२५ रोजी कामकाज संपल्यावर कार्यमुक्त केले, कोणतेही येणे बाकी नाही" एवढे असले तरी पुरे.

स्कॅन केलेली पीडीएफ २४ जानेवारीपर्यंत याच मेलवर पाठवावी. मूळ प्रती नोंदीतील घरच्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने पाठवाव्यात. पत्ता आणि मोबाइल क्रमांक बदललेला नाही. टपालाऐवजी प्रत्यक्ष घेणे सोयीचे असेल तर कळवावे, गुरुवारी माझी साप्ताहिक सुट्टी असते, गेटवर येऊन सही करून नेईन. पडताळणीसाठी मेल आल्यास कोण उत्तर देईल, त्यांचे नाव व अधिकृत मेल आयडीही कळवावा; या कामासाठी वैयक्तिक जीमेल स्वीकारला जात नाही.

कळावे,

आपली विश्वासू,
वैशाली संजय भोर
कर्मचारी क्र. २४१७, गुणवत्ता विभाग

सोबत : नियुक्तीपत्र, २०२३ चे बढतीपत्र, राजीनामा व मंजुरीचा मेल, ना-देय प्रमाणपत्र, अंतिम हिशेब, विवाह नोंदणी दाखला, आधीचे दोन मेल