गोधडी मी ठेवून घेतोय

भाऊ,

हे पत्र तुला डब्याच्या पिशवीत सापडेल. तोवर गाडीनं सातारा सोडलेलं असेल. समोर दिलं असतं तर तू तिथंच मोठ्यानं वाचून अख्ख्या विंगेला ऐकवलं असतंस.

परवाच्या सेंड-ऑफला मी बोललो नाही, म्हणून तू चिडलास. काय बोलणार? ज्यानं त्यानं कृष्णा-कोयनेचा संगम काढला, दोन नद्या, दोन वाटा वगैरे. आपण प्रीतिसंगमावर साडेतीन वर्षं भेळ खायला गेलो, आणि तीही बहुतेक वेळा तुझ्या पैशांनी. एवढंच मला आठवत होतं, आणि माइक हातात घेऊन ते कसं सांगणार?

खरं तर दुसरंच सांगायचं होतं. डिसेंबर २०२१, खोली नंबर ४७. मी चिपळूणहून एसटीनं कुंभार्ली घाट चढून आलो होतो. एक पत्र्याची ट्रंक, एक चादर. कागद लावत बसलो होतो, तेव्हा तू माझी दहावीची मार्कशीट उचललीस आणि तिच्यावरचा तपकिरी डाग बघून म्हणालास, "चहा सांडवला काय बे?" मी म्हणालो, "वाशिष्ठी." तुला कळलं नाही. मग सांगितलं, २२ जुलैच्या पुरात घरात छातीएवढं पाणी होतं, कपाट आडवं झालं, गाद्या-पांघरुणं सगळी फेकून द्यावी लागली. तू काही बोलला नाहीस. आजही तू गप्प बसलास की मला भीती वाटते, कारण तसं फार क्वचित होतं. रात्री मी चादरीत कुडकुडत होतो, तेव्हा अंगावर काहीतरी जड येऊन पडलं. तुझ्या आजीनं लुगड्यांची शिवलेली गोधडी. तुझ्याकडे एकच होती. तू स्वेटरवर स्वेटर घालून झोपलास आणि सकाळी म्हणालास, "आमच्या मोर्शीत याच्याहून जास्त थंडी असते."

ती गोधडी काल मी धुतली. एका कोपऱ्यात हिरव्या काठाचा तुकडा आहे ना, तिथला टाका उसवला होता, तो मीच घातलाय. फार वाकडा आलाय. ती तुझ्या बॅगेत भरणार होतो, पण भरली नाही. चोरी म्हणू नकोस, म्हणून लेखी देतोय. आजीला सांग, कोकण्यानं ठेवून घेतली.

आता भांडणाचं. चाकणला खोली बघायचं आपलं ठरलं होतं. तुझं ऑफर लेटर माझ्याआधी आलं होतं. आणि तू घरी जाणार हे मला कळलं कधी, तर आठ दिवसांपूर्वी, तेही तू बाबांशी फोनवर बोलत होतास म्हणून. दोन दिवस मी तुझ्याशी बोललो नाही. चूक झाली. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन, चार एकर संत्रा, अंबिया बहाराचं पाणी कोण बघणार, हे सगळं मला समजतं. नोकरी सोडलीस त्याचा राग नव्हताच. इतके दिवस एकट्यानं पोटात ठेवलंस, त्याचा होता. एम-थ्री राहिली तेव्हा मी तीन दिवस कुणाला सांगितलं नव्हतं, तर तू मला काय काय बोलला होतास! आणि मग रोज पहाटे चारला पायाचा अंगठा ओढून लाप्लास करायला उठवायचास. ते शिव्याशाप मी आता सव्याज परत करतोय.

मेसमध्ये बटाट्याला आलू म्हटलं की मी हसायचो. परवा काऊंटरवर माझ्याच तोंडून "आलू वाढा" निघालं. आणि ‘नागपुरी संत्री’ असं कुणी म्हटलं की आता मीच सांगतो, "वरूड-मोर्शीची म्हणा." आईला तर वाटतं, माझं बोलणं बिघडलं.

चाकणला दोघांची खोली घेतलीय. दुसऱ्या खाटेवर कोण येईल ते माहीत नाही. घोरणारा नसला म्हणजे झालं. तुझ्यासारखं घोरणं पुन्हा सहन होणार नाही, आणि त्याशिवाय झोप लागेल की नाही, तेही बघायचंय.

गणपतीला घरी ये. बडनेऱ्याहून पुण्यापर्यंत ये, पुढं मी आणतो. बाबांना चालता येत असेल तर त्यांनाही आण, समुद्र बघायचा राहिलाय म्हणाले होते.

पिशवीत आईनं दिलेली आमसुलं आहेत आणि आगळाची बाटली. तिचं झाकण नीट बसत नाही. बडनेऱ्यापर्यंत आडवी ठेवू नकोस, नाहीतर तुझ्या मार्कशीटवर डाग पडायचा, आणि तो लाल असेल.

तुझा,
कोकण्या