चुलीजवळची कॉफी

काउंटरवर जाड पुठ्ठ्याचं एक कार्ड उभं करून ठेवलं होतं. ‘चिखलदरा, मेळघाट. अरेबिका. उंची १,१०० मीटर.’ त्याखाली बाबांचं नाव, आणि त्याच्याही खाली बारीक अक्षरात : मोसंबी, गूळ, भाजलेला शेंगदाणा.

बाबांचं नाव मी सातबाऱ्यावर पाहिलंय, सोसायटीच्या पासबुकावर पाहिलंय, लग्नपत्रिकांवर पाहिलंय. नाशकात गंगापूर रोडवरच्या एसी लावलेल्या कॅफेत, पितळी दिव्याखाली, ते पहिल्यांदाच पाहत होते. मी उगाच ओढणी सारखी केली.

शीतलने खांद्याने ढोसलं. “सांग ना त्या काउंटरवरच्या मुलाला, हे माझे वडील म्हणून.”

“आधी पिऊ दे,” मी म्हटलं.

शीतल माझी रूममेट. निफाडची. तिच्या घरी चार एकर द्राक्ष आहे. मी नाशकात पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, ती बँकेत. तिच्यामुळे एक बरं झालंय, महाराष्ट्रात कॉफी पिकते यावर तिने कधी डोळे मोठे केले नाहीत. बाकी सगळे करतात. “कॉफी म्हणजे कूर्गची ना?” हे मी गेल्या तीन वर्षांत किती वेळा ऐकलं असेन! इंग्रजांच्या काळापासून आमच्या डोंगरावर कॉफीची झाडं आहेत. आमची दोन एकर आजोबांनी लावलेली, सिल्व्हर ओकच्या सावलीत.

पण खरं सांगायचं तर आमची कॉफी मी नीट कधीच प्यायले नव्हते. घरी चहाच. पाहुणा आला किंवा कुणाला सर्दी झाली की आई तव्यावर मूठभर बिया काळ्याकुट्ट भाजायची, खलबत्त्यात कुटायची आणि दूध-गुळात उकळायची. तेही बाजूला काढलेल्या मालातून. पाण्यात तरंगलेली फळं, किडकी, फुटकी. चांगला दाणा पोत्यात भरायचा आणि पोतं गाडीत जायचं. पुढे त्याचं काय होतं, हा प्रश्न आमच्या घरात कुणाला पडला नव्हता. भाव काय मिळाला, एवढाच पडायचा.

फेब्रुवारीत या कॅफेचा मुलगा चिखलदऱ्याला आला. आमच्या ओट्यावर बसला, दाणे हातात घेऊन वास घेतला आणि ५८ किलो घेऊन गेला, ४३० रुपये किलोने. बाबांनी मला फोनवर दोनदा सांगितलं, “त्यानं वास घेतला वं.” त्या वासाची त्यांना का धास्ती होती, हे मला माहीत होतं. म्हणूनच इथे येईपर्यंत मी चार महिने लावले.

मुलाने आमच्यासमोरच कॉफी करायला घेतली. पंधरा ग्रॅम दाणे तोलले. मी मनातल्या मनात हिशोब केला : एका फळात दोन बिया, पंधरा ग्रॅम म्हणजे शंभराच्या वर बिया, म्हणजे साठेक फळं. एका फांदीवर लाल झालेली तेवढी फळं एका वेळी मिळत नाहीत. हिरवी सोडून लाल तेवढी तोडायची, आठ-दहा दिवसांनी पुन्हा त्याच झाडाशी यायचं. आईची बोटं यात फार चपळ आहेत. फळ ओढायचं नाही, पिळायचं, म्हणजे देठाचा डोळा फांदीवर शाबूत राहतो.

त्याने कागदाच्या शंकूत भुकटी टाकली, आधी थोडंसंच पाणी ओतलं आणि थांबला. भुकटी फुगली. भाकरीसारखी, मध्ये टम्म. अर्ध्या मिनिटाने त्याने गोल गोल धार धरली. शीतल मोबाईलवर शूटिंग करत होती. मी वास घेत होते.

सुरुवातीला काही ओळखीचं नव्हतं. आमच्या अंगणात नोव्हेंबरात फळं सोलली जातात तेव्हा आंबूस, गोडसर वास येतो, माश्या येतात. सोललेल्या बिया पिंपात रात्रभर आंबवायच्या. सकाळी हात घालून मूठ चोळायची. बुळबुळीत लागलं तर अजून वेळ आहे, कचकच वाजलं की धुवायला काढायच्या. तो कचकच आवाज मला झोपेतही ओळखू येईल. या कपात त्यातलं काहीच नव्हतं. मऊ, उष्ण, परका वास.

पहिला घोट घेतला. आंबट. मग त्या आंबटाच्या मागून गोड, काकवीसारखं. कडू होईल म्हणून मी जीभ आवरून धरली होती, पण कडूपणा आला तो अगदी शेवटी आणि लगेच गेला.

“मोसंबी कळते?” मुलाने विचारलं.

“हो,” मी म्हटलं. कळत होती. आमच्या बांधाला मोसंबीचं एकही झाड नाही, तरी कळत होती.

शीतलने घोट घेऊन नाक मुरडलं, साखर मागितली आणि मग स्वतःच “नको, राहू दे” म्हणाली. दोनशे वीस रुपयांत साखर नसते हे तिला पटायला वेळ लागला.

मी सावकाश पीत राहिले. बाहेर उकाडा होता, जूनचा पहिला आठवडा. कप कोमट झाला. आणि साधारण निम्म्याच्या खाली गेल्यावर ते आलं.

धूर.

आधी वाटलं भास आहे. पुन्हा एक घोट तोंडात धरला, लॅबमध्ये नमुना उजेडाला धरते तसा, जरा जास्त वेळ. होता. टाळूला, मागच्या बाजूला. तेंदूचं जळण असतं ना, त्याचा धूर नाकात चढतो आणि मग कपड्यांत राहतो, तसा.

डिसेंबरच्या शेवटी अवकाळी आला होता. बिया धुऊन अंगणात जाळीवर पसरलेल्या, आठ दिवसांचं वाळवण झालेलं, अजून तीन-चार दिवसांचं बाकी. मी सुट्टीला घरी गेले होते. रात्री अकराला विजा चमकायला लागल्या. ताडपत्री जुनी, तिला भोकं. पहिली सर पडली तेव्हा आई म्हणाली, “घरात घ्या सगळं.” बाबा म्हणाले, “घरात जागा कुठे?” आईने स्वयंपाकघरातली भांडी ओसरीत फेकल्यासारखी काढली आणि चुलीपासून दारापर्यंत साड्या अंथरल्या. तिच्या लग्नातली हिरवीसुद्धा. आम्ही सुपाने बिया आत ओतल्या. ओलसर राहिल्या तर बुरशी येणार, म्हणून आईने चूल पेटती ठेवली. ती रात्रभर बसून होती. तासातासाने दोन्ही हातांनी बिया खालीवर करायची, एखादी दातांखाली धरून पाहायची. पहाटे मी उठले तेव्हा तिचे डोळे धुराने लाल झाले होते आणि छताला निळा थर लटकत होता. टरफलातली कॉफी आजूबाजूचा वास पिते. हे बाबांना माहीत होतं, ते काही बोलले नाहीत. बोलून काय करणार? पर्याय कुजवायचा होता.

मी कप खाली ठेवला.

“यात धूर आहे,” मी मुलाला म्हटलं. शीतलने माझ्याकडे चमकून पाहिलं.

तो गडबडला नाही. स्वतःसाठी उरलेली थोडी कपात ओतली, फुर्रर्र आवाज करत ओढली. “थंड झाल्यावर येतो,” तो म्हणाला. “पहिल्या दिवशीच लागला होता मला. भाजताना जरा हलकी उतरवली, म्हणजे फळाची चव पुढे राहील. जास्त भाजली असती तर धुरावर धूर चढला असता.” मग जरा थांबून, “तुम्हाला कसं कळलं? लोक याला शेंगदाणा म्हणतात.”

मी कार्डाकडे बोट केलं. “हे माझे बाबा. आणि तो धूर आमच्या स्वयंपाकघरातला.”

मी त्याला ती रात्र सांगितली. साड्यांचंही सांगितलं. तो ऐकताना कापडाने तेच ते भांडं पुसत राहिला. शीतल मध्येच म्हणाली, “तोच पाऊस. आमच्या बागेत साखर भरायला लागली होती. दुसऱ्या दिवशी बघितलं तर मणी तडकलेले. पप्पा दोन दिवस बागेत गेले नाहीत.” हे तिने मला सहा महिन्यांत सांगितलं नव्हतं. मीही तिला चुलीचं सांगितलं नव्हतं. एका खोलीत राहून.

“माल परत नाही ना करणार?” मी विचारलं. विचारायचं नव्हतं, तोंडातून गेलं.

“निम्मा संपलाय,” तो म्हणाला. “पुढच्या वर्षीही हवाय. पण धूर नको. वाळवणावर पारदर्शक प्लास्टिकच्या कागदाचं छप्पर घालता येतं, बांबूवर. फार खर्च नाही. मी बाबांशी बोलू का?”

“मी बोलते आधी.”

पाव किलोचं पाकीट घेतलं. त्याने पैसे घ्यायला नको म्हटलं, मी दिले. बाबांच्या मालाचे पैसे झाले पाहिजेत. “कशात करणार, कशी दळू?” त्याने विचारलं. मी म्हटलं, जाड दळा, आमच्याकडे पातेलं आणि फडकं आहे.

रस्त्यावर आल्याआल्या फोन लावला. बाबांनी पहिल्याच रिंगला उचलला, म्हणजे हातातच धरून बसले असणार. शीतलने आधीच मेसेज केला होता, चोंबडी.

“पेली काय वं माय?”

“प्यायले बाबा. चांगली आहे. मोसंबीसारखी लागते.”

“मोसंबी?” ते हसले. मग गप्प. मागे कुकरची शिट्टी झाली. “अन् धूर?”

मला खोटं बोलता आलं असतं.

“आहे. थोडासा. थंड झाल्यावर, शेवटच्या घोटाला.”

“मले वाटलंच होतं.” ते खोल श्वास घेऊन म्हणाले. पाच महिने पोटात धरून ठेवलेलं खाली ठेवावं तसं. “परत देऊन रायले का?”

“नाही. पुढच्या वर्षीही हवी म्हणतात. वाळवायला छप्पर करू या म्हणतात.”

“करू. बांबू आपल्याच इथं हाय.” मग आवाज एकदम खाली आणून, “पाह्य, तुह्या मायले धुराचं सांगू नको. थे रातभर जागली होती.”

मागून आईचा आवाज आला, “काय सांगू नको म्हंता?”

आमच्या घरी भाजी खारट झाली तर खारट म्हणायचं, ही आईचीच शिकवण. कौतुकाने ती कधी फुलली नाही, पण चूक लपवली तर दोन दिवस बोलत नाही. आणि माझ्या पिशवीत तिच्यासाठी पाव किलो होतं. ती ते पातेल्यात करणार, फडक्यातून गाळणार, बाबांशी बोलता बोलता कप थंड होणार.

“बाबा,” मी म्हटलं, “फोन आईकडे द्या.”