नवी टॅगलाइन : सोलापुरी चादर

नमस्कार अण्णा,

ठरल्याप्रमाणे टॅगलाइन पाठवतोय. एकच पाठवतोय. पाच पर्याय पाठवले की घरातले पाच जण पाच निवडतात आणि शेवटी जुनीच राहते.

आत्ताची ओळ:
गुणवत्ता, विश्वास आणि परंपरेची ऊब

नवी ओळ:
पिळायला दोघं लागतात.

जुन्या ओळीवरचं आपलं नाव बोटाने झाका. खाली पतपेढीचं नाव चालेल, सराफाचं चालेल, तुपाच्या डब्याचंही चालेल. 'ऊब' तेवढी आपल्या कामाची, पण ती पानिपतच्या मिंक ब्लँकेटवालाही सांगतोच. शिवाय तिकडूनच 'सोलापुरी' म्हणून स्वस्त माल येतो, त्याच्या पिशवीवरही विश्वास आणि परंपरा छापलेली असतेच. भौगोलिक मानांकनाचं म्हणाल तर ते सोलापुरी चादरीला आहे, आपल्या एकट्याला नाही. ते लेबलवर असूद्या, पण त्यावर टॅगलाइन उभी राहत नाही.

नवी ओळ कारखान्यात सापडली नाही, गच्चीवर सापडली. भिजलेली डबल चादर बादलीतून एकट्याने उचलून बघा. सुती धाग्याने पाणी प्यालेलं असतं, वजन मनगटावर येतं. मग हाक जाते, "अरे, जरा टोक धर." एक जण इकडून, दुसरा तिकडून उलट्या दिशेने पीळ देतो, मधे दोरखंडासारखा जाड वेटोळा होतो, पाणी पायांवर पडतं आणि ज्याची पकड ढिली त्याच्या हातातून टोक सुटतं. महाराष्ट्रातल्या निम्म्या घरांनी हे केलेलं आहे. पॉलिस्टरचा धागा सुतासारखा पाणी पीत नाही. म्हणजे जाड आहे, सुती आहे, बरीच वर्षं टिकते, घरात वापरतात, हे सगळं आपण न सांगता गिऱ्हाइकाच्या हातांना आठवतं.

धाकट्या मालकांचा आक्षेप फोनवर ऐकला: "लोकांना वाटेल, धुवायला कटकट आहे." वाटू दे. आपली चादर धुवायला कटकट आहेच, आणि दुकानात ती हातावर तोलून बघणाऱ्याला नेमकं तेच वजन हवं असतं. मशीनमध्ये धुणाऱ्यांचंही अडत नाही. त्यांनी नाही तर त्यांच्या आईवडिलांनी ती पिळलेली असते.

आता कुठे काय छापायचं ते.

विणलेल्या लेबलवर फक्त नाव आणि ओळ.

पिशवीच्या पुढच्या बाजूला ओळ मोठी, नाव खाली. मागच्या बाजूला हा मजकूर:

"शंभर टक्के सुती. जेकार्ड मागावर विणलेली, म्हणून नक्षी दोन्ही बाजूंनी दिसते. एका बाजूला जो रंग जमिनीचा, तो दुसऱ्या बाजूला फुलाचा. पहिली धुलाई गार पाण्यात, वेगळी करा. वाळवताना दोरी घट्ट बांधा."

पुणे रस्त्यावरच्या होर्डिंगवर ओळ आणि घडी घातलेली चादर, बस्स. पिळणाऱ्या नवरा-बायकोचा फोटो अजिबात नको. तो प्रत्येकाच्या डोक्यात आधीच आहे आणि त्यात त्याच्या घरची माणसं आहेत. आपण मॉडेल उभे केले की ती माणसं जातात.

रेडिओसाठी दहा सेकंद:

(पाणी निथळल्याचा आवाज)
बाई: सोडू नको हं!
पुरुष: नाही सोडत.
बाई: पीळ अजून.
(धप्प. दोघं हसतात.)
निवेदक: सोलापुरी चादर. पिळायला दोघं लागतात.
त्यानंतर आपलं नाव, एकदाच.

एक पथ्य मात्र पाळावं लागेल. ही ओळ फक्त जाड चादरीवर. प्रवासासाठी जी हलकी चादर काढलीय ती शाळकरी पोरगंही पिळेल, तिच्यावर ही ओळ टाकली तर सरळ खोटं होईल. टॉवेल आणि नॅपकिनवर टॅगलाइनच नको, नाव पुरे. उद्या सूत महागलं म्हणून जाड चादरीचं वजन उतरवायचं ठरलं, तर आधी ओळ काढा, मग वजन उतरवा. अण्णा, हे हसण्यावारी नेऊ नका. हिशेब जुळत नाही म्हटल्यावर पहिली कात्री वजनालाच लागते, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलंय.

"सोलापूरची शान" पण घाला, असं थोरल्या वहिनींनी सुचवलंय. त्यांना माझा नमस्कार सांगा, आणि नको म्हणून सांगा. दोन ओळी झाल्या की दोन्ही वाचल्या जात नाहीत.

लेबलवाल्याला नवं डिझाइन गुरुवारपर्यंत द्यावं लागेल, म्हणजे लग्नसराईच्या आहेराचा माल नव्या लेबलने जाईल. जुन्या लेबलांची रिळं उरली असतील तर त्यावरची ओळ कापून नावापुरती टॉवेलला वापरून टाका.