मृगाचा पेरा: कोरडवाहू कपाशीच्या हंगामाचा पटखेळ

खेळाडू: 2 ते 5 (चौघांत सगळ्यात रंगतो)
वय: 9 वर्षांपासून पुढे
वेळ: 50 ते 60 मिनिटं, पहिल्या वेळी दीड तास धरा
एकूण नग: 233
किंमत: 690 रुपये, टपालखर्च धरून

मृग लागला, दोन सरी पडल्या, शेजारच्या वावरात तिफण चालू झाली. आपण पेरायचं की थांबायचं? विदर्भातल्या प्रत्येक कोरडवाहू घरात जूनमध्ये हाच विषय असतो, आणि आमचा खेळही इथूनच सुरू होतो.

पटावर मृगापासून स्वातीपर्यंत अकरा नक्षत्रांची अकरा घरं आहेत. एक नक्षत्र म्हणजे एक फेरी. आपल्या पाळीला चार कवड्या टाकायच्या. जितक्या उताण्या पडतील तितकी त्या नक्षत्रातली कामं करता येतात: पेरणी, डवरणी, निंदण, फवारणी, पुढे वेचणी. चारही पालथ्या पडल्या तर आठ कामं, अष्टाचंग्यात मोजतात तशीच. सगळ्यांची कामं झाली की पावसाचा पत्ता उलटायचा. मृगात पेरलेल्या एका सरकीला चार बोंडं लागतात, आर्द्रात पेरलीत तर तीन, पुनर्वसूत दोनच. पण पेरल्यावर पत्ता ‘कोरडं’ निघाला की उगवलेलं सगळं जळतं आणि दुबार पेरणीचं बियाणं विकत घ्यावं लागतं, नाहीतर उसनवारी. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी खातं सांगतं. त्यामागचं कारण पोरांना या एका पत्त्यात कळतं. आमच्या घरी नात सरकीचे मणी मुठीत धरून बसली होती आणि आजोबा तिला म्हणत होते, “थांब व माय, ओल अजून खाली नाई गेली.” ती थांबली नाही. दुबार पेरणी झाली, पण पुढच्या डावात तिने आर्द्रापर्यंत वाट पाहिली.

गावगाड्याच्या पत्त्यांवर आम्ही सगळ्यात जास्त मेहनत घेतली आहे. पोळ्याच्या पत्त्याला बैलांना सुट्टी, त्या फेरीत कोणीच काम करत नाही. डोमकळीचा पत्ता निघाला की गुलाबी बोंडअळी आली. कामगंध सापळे आधीच लावलेल्याचं एक बोंड जातं, इतरांची तीन. पहिल्या वेचणीला सीतादही म्हणून प्रत्येकाने एक बोंड पटाच्या मधोमध ठेवायचं, ते परत मिळत नाही. वेचणीची मजुरी रोख द्यावी लागते. पैसे नसले तर कापूस झाडावरच राहतो, आणि हस्त-चित्राचा पाऊस आला की बोंड उलटून तपकिरी बाजू वर करायची: तो कवडी कापूस, अर्ध्या भावाचा. स्वाती संपली की खेळ संपला. फरदड मुद्दाम ठेवली नाही, कारण बोंडअळी तिच्यावरच पोसते. उसनवारी फेडून ज्याच्या हातात जास्त चकत्या उरतात तो जिंकतो.

पेटीत काय आहे: मांजरपाटावर छापलेला पट (51 × 51 सेंटीमीटर) 1, वावराच्या पाट्या 5, सागवानी बैलजोड्या 5, कवड्या 4, पावसाचे पत्ते 33, गावगाड्याचे पत्ते 30, सरकीचे लाकडी मणी 40, दुरंगी बोंडं 60, रुपयाच्या चकत्या 40, उसनवारीच्या चिठ्ठ्या 15. नियमांची 12 पानी पुस्तिका आणि नग ठेवायची कापडी पिशवी यांत मोजलेली नाही.

पहिल्या खेपेला पट पुठ्ठ्याचा होता. श्रावणात चारही कोपरे वर वळले, बैल उभे राहीनात. म्हणून कापड घेतलं. घडी पडली तर हाताने ओढून सरळ होतो, चहा सांडला तर थंड पाण्याने धुवा. गरम इस्त्री छापील बाजूवर फिरवू नका.

दोघांनाही खेळता येतो, पण तेव्हा मजुरांसाठीची ओढाताण राहत नाही. त्यामुळे दोनच जण असाल तर पुस्तिकेतला ‘सालदार’ नियम लावा. सात-आठ वर्षांच्या लेकराला आजीच्या जोडीला बसवा, पत्ते आणि कवड्या त्याच्याकडे, हिशोब आजीकडे. मणी आणि कवड्या बारीक आहेत, तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती लागू देऊ नका.

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात बैल कोरले जातात, पट शिवले जातात. प्रत्येक बैलजोडी हाताची असल्याने शिंगं सारखी नसतात. पेटी पाच-सहा दिवसांत टपालाने पोचते. नग कमी निघाला किंवा नंतर हरवला तर कोणता ते कळवा, सुटा पाठवतो. बैलजोडीचे 40 रुपये, बाकी नगांचे पैसे घेत नाही.